ओपीजीत दिसलेली काळी जागा: माझी न आलेली अक्कलदाढ, गाठ आणि झिजलेलं हाड

फेब्रुवारी लागला की आमच्या तासगावात बेदाण्याची धांदल सुरू होते. मी एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेबाचं काम बघते, वय 43. यंदा नेमकं त्याच दिवसांत डाव्या बाजूच्या खालच्या शेवटच्या दाढेमागं अन्न अडकायला लागलं. काडीनं काढलं की बरं वाटायचं, पण दुपारनंतर ठणका सुरू व्हायचा. गोळ्या घेऊन काही दिवस काढले आणि 12 फेब्रुवारी 2025 ला, बुधवारी, गावातल्या दातांच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. तपासणीचे 200 रुपये.

त्यांनी आरसा घालून एकेक दात मोजला आणि विचारलं, "ताई, खालच्या अक्कलदाढा कधी काढल्यात का?"

"नाही. मला त्या आल्याच नाहीत."

"आल्या नाहीत आणि काढल्याही नाहीत, म्हणजे एकतर तयारच झाल्या नसतील, नाहीतर हाडात आडव्या पडून असतील. बघायला पाहिजे. सांगलीत जाऊन ओपीजी काढून आणा."

आणखी एक प्रश्न त्यांनी विचारला, "मिश्री लावता का?" मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. आजीच्या मांडीवर बसून मिश्री लावायला शिकले, लग्नानंतर सासूबाईंच्या डबीतली घेत राहिले, वीस वर्षं तरी झाली. पण शिकलेल्या बाईनं शिकलेल्या बाईसमोर हे कबूल करायची लाज वाटली. या खोट्याचं पुढे काय झालं ते ओघात येईलच.

ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकाच पट्टीत येणारा मोठा एक्स-रे. 15 तारखेला, शनिवारी, एसटीनं सांगलीला गेले आणि तिथून विश्रामबागेला. सेंटरमध्ये 500 रुपये भरले, पाऊण तास बसले. आत गेल्यावर मशीनजवळच्या मुलीनं चष्मा, मंगळसूत्र, कुड्या, चमकी, केसातल्या पिना काढायला सांगितल्या. गरोदर आहात का, हेही विचारलं. मग हनुवटी टेकवायची, एका छोट्या दांडीच्या खाचेत वरचे-खालचे पुढचे दात धरायचे आणि मशीन डोक्याभोवती फिरेपर्यंत हलायचं नाही. पंधरा सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. कुठं दुखत नाही, तोंडात फिल्म कोंबत नाहीत.

पहिला फोटो वाया गेला. मी कुड्या काढल्या, पण कानाच्या वरच्या कडेची बुगडी तशीच राहिली. ती इतकी वर्षं कानात आहे की दागिना म्हणून लक्षातच आली नाही. त्या मुलीनं स्क्रीन दाखवला. बुगडी जिथं होती तिथं एक पांढरा ठिपका होताच, पण तिची दुसरी सावलीसुद्धा पडली होती, समोरच्या बाजूला, थोडी वर आणि पसरट, जणू तिथंही काहीतरी आहे. मशीन फिरतं म्हणून असं होतं, ती म्हणाली. फोटो परत काढला, त्याचे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या वेळी तिनं एक सूचना जास्त दिली, जीभ टाळूला चिकटवून धरा. जीभ खाली राहिली तर मध्ये हवेची पोकळी राहते आणि वरच्या दातांच्या मुळांवर काळा पट्टा येतो. दोनदा रेडिएशन घेतल्याची मला धास्ती होती. ती नंतर मॅडमनी घालवली. एका ओपीजीत जितकं जातं, तितकं आपल्याला जमिनीतून-आकाशातून काही दिवसांत मिळतंच. तरी विनाकारण काढू नये आणि गरोदरपणात आधी सांगावं, हे त्यांनी बजावलं.

फिल्म आणि रिपोर्ट हातात मिळाले, समजावून सांगणारं मात्र तिथं कुणी नव्हतं. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, 'वेल-डिफाइन्ड युनिलोक्युलर रेडिओल्युसन्सी', म्हणजे ठळक कडेची, एकाच कप्प्याची काळी जागा, हे मला नंतर कळलं. चुलत दिरांच्या मुलानं मोबाइलवर ते शब्द शोधले आणि जे फोटो समोर आले ते मला दाखवायला नको होते. शनिवार-रविवारच्या दोन रात्री मी जबड्याचा कॅन्सर झाला असं धरून चालले. त्यातच फिल्म उजेडात धरून पाहिली, तर काळी जागा उजव्या बाजूला. दुखतंय डावीकडं आणि रोग उजवीकडं, म्हणजे दोन्हीकडं असणार, असा मी अर्थ लावला. रविवारी घरातलं कुणी धड जेवलं नाही.

सोमवारी, 17 तारखेला, मॅडमनी फिल्म लायटीवर लावली आणि पहिल्यांदा कोपऱ्यातलं 'एल' हे अक्षर दाखवलं. "ही फिल्म समोर उभ्या माणसाकडं बघितल्यासारखी वाचायची. तुमची डावी बाजू फिल्मच्या उजव्या हाताला येते." म्हणजे काळी जागा डावीकडंच होती. एवढं कुणी शनिवारी सांगितलं असतं तरी निम्मी भीती गेली असती.

मग त्यांनी वाचायचं कसं ते सांगितलं, आणि मला खरंच समजलं. दात आणि हाड एक्स-रे अडवतात म्हणून पांढरे दिसतात. पाणी, हवा, मऊ मांस यांतून तो पार जातो, म्हणून ती जागा काळी. मानेच्या मणक्याची सावली मध्यभागी पडते, म्हणून पुढचे दात धुरकट दिसतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

दोन्ही खालच्या अक्कलदाढा हाडात होत्या. उजवी पूर्ण आडवी, तिच्याभोवती केसाएवढी बारीक काळी रेघ. डावी पुढं कललेली, तिचं डोकं शेजारच्या दाढेच्या मुळाकडं, आणि डोक्याभोवती पावट्याच्या दाण्याएवढी काळी जागा. दोन्हींतला फरक त्यांनी बोट ठेवून दाखवला. हाडातल्या प्रत्येक दाताच्या डोक्याभोवती एक पातळ पिशवी असते, ती रेघेसारखी दिसणारच. साधारण 3 मिलिमीटरपर्यंत ती नेहमीची समजतात. 4-5 च्या पुढं गेली की त्या पिशवीत पाणी साचून गाठ व्हायला लागली असा संशय घ्यायचा. माझी फिल्मवर 9 भरली. पण ओपीजीत सगळं खऱ्या मापापेक्षा मोठं उमटतं, आणि सगळीकडं सारखं मोठं नाही, म्हणून त्या आकड्यावर जायचं नाही असंही त्या म्हणाल्या.

मी सरळ विचारलं, "मॅडम, कॅन्सर आहे का?"

त्यांनी लगेच 'नाही' म्हटलं नाही, आणि त्याबद्दल आज मला त्यांचा आदर वाटतो. त्यांनी काळ्या जागेच्या कडेची पांढरी रेघ दाखवली, पेन्सिलनं आखल्यासारखी. गाठ सावकाश वाढत असली की हाडाला तिच्याभोवती कुंपण घालायला वेळ मिळतो. भराभर हाड खाणाऱ्या रोगाची कड कुरतडल्यासारखी, अस्पष्ट असते. दुसरं म्हणजे काळी जागा बरोबर दाताच्या मानेपासून सुरू होत होती, जिथं डोकं संपून मूळ सुरू होतं तिथून. अक्कलदाढेच्या पिशवीची साधी गाठ अशीच असते. शेजारच्या दाढेचं मूळही शाबूत होतं. "सगळं साध्या गाठीच्या बाजूचं आहे. पण ताई, फिल्मवर फक्त जागा आणि आकार दिसतो, गाठीचं नाव दिसत नाही. अशाच दिसणाऱ्या आणखी दोन-तीन गाठी असतात. एक काढल्यावर पुन्हा पुन्हा येते, तिच्यावर कित्येक वर्षं लक्ष ठेवावं लागतं. दुसरीसाठी मोठं ऑपरेशनही लागू शकतं. गाठ काढून तिचा तुकडा तपासल्याशिवाय मी नाव सांगणार नाही."

त्या दिवशी घरी आल्यावर मी जेवले. 'बहुतेक साधी, पण तपासल्यावर नक्की' हे वाक्य घेऊन जगता येतं. शनिवारी मिळालेले ते इंग्रजी शब्द घेऊन जगता येत नव्हतं.

उठताना त्यांनी मला थांबवलं. "अजून एक राहिलंय, आणि तुम्ही ज्यासाठी आलात ते हेच आहे."

दातांच्या मधोमध हाडाची कड कुठं येते ते त्यांनी दाखवलं. निरोगी माणसात ती दाताच्या मानेच्या जेमतेम दीड-दोन मिलिमीटर खाली असते, सगळीकडं एका पातळीत. माझ्या खालच्या दाढांमध्ये ती कड मुळांच्या जवळजवळ एक तृतीयांशापर्यंत खाली उतरली होती, आणि शेवटच्या दाढेमागं तर उतरती घळ पडल्यासारखी होती. अन्न त्या घळीत अडकत होतं. ठणका गाठीचा नव्हताच. गाठ तर कित्येक वर्षं न दुखता वाढत असणार, ती या निमित्तानं सापडली.

"हिरडीतून रक्त येतं का?" नाही, म्हणाले. "एवढं हाड गेलंय आणि रक्त येत नाही. आता खरं सांगा, मिश्री लावता ना?"

मी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत. तंबाखूनं हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून सूज आणि रक्त दिसत नाही, आणि आतून हाड जात असताना बाईला वाटतं माझे दात घट्ट आहेत. गालाच्या आतल्या बाजूला जिथं मी बोट फिरवायची तिथली पांढुरकी त्वचाही त्यांनी नीट बघितली आणि दर सहा महिन्यांनी ती दाखवायची असं कार्डवर लिहून ठेवलं. मी हे इथं मुद्दाम लिहिते आहे. आमच्याकडं मिश्री लावणाऱ्या बायकांना आपण तंबाखू खातो असं वाटतच नाही. डॉक्टरनं 'तंबाखूचं व्यसन?' असं विचारलं की त्या मनापासून 'नाही' म्हणतात.

हाडाच्या बाबतीत ओपीजी किती अपुरा पडतो हे पुढच्या दोन भेटींत कळलं. 1 आणि 8 मार्चला मॅडमनी दातांच्या मुळापर्यंतची सफाई केली, दोन्ही मिळून 3,000 रुपये. त्याआधी खुणा असलेली एक बारीक सळई हिरडीच्या कडेनं आत घालून प्रत्येक दाताची खोली मोजली आणि मदतनीस मुलीला आकडे सांगत गेल्या. तीन, तीन, पाच, सहा. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढं हिरडी दातापासून सुटलेली. फिल्मवर चांगल्या दिसणाऱ्या एका दाढेला जिभेच्या बाजूनं 6 निघाले. ओपीजी सगळं एका पानावर चपटं करतो, गालाकडचं हाड उभं असलं तर जिभेकडचं गेलेलं त्याच्यामागं लपतं. म्हणून त्या दाढांचे दोन छोटे एक्स-रे वेगळे काढले. गेलेलं हाड सफाईनं परत येत नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. उरलेलं टिकवायचं, एवढंच हातात.

मिश्री 17 फेब्रुवारीलाच बंद केली. पहिले दहा दिवस फार जड गेले, सकाळी पोट साफ होईना, चिडचिड व्हायची. आणि बंद केल्यावर ब्रश करताना रक्त दिसायला लागलं. मी घाबरून फोन केला, तर मॅडम म्हणाल्या, हिरडी आता खरं बोलायला लागली, सफाई झाली की कमी होईल. मार्च संपेपर्यंत कमी झालंही.

गाठीसाठी त्यांनी मिरजेच्या एका जबड्याच्या सर्जनकडं चिठ्ठी दिली. 22 फेब्रुवारीला गेलो, मी आणि मालक. तपासणी 500 रुपये. सर्जननी छापील फिल्म बाजूला ठेवली आणि कॉम्प्युटरवरची मूळ फाइल मागितली. सुदैवानं मी पेन ड्राइव्हवर आणली होती. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत काळ्या-पांढऱ्यातल्या बारीक छटा जातात, म्हणून सेंटरमधून निघतानाच फाइल मागून घ्या.

त्यांना बघायची होती ती नस. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून एक नळी जाते, तिच्यातली नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. फिल्मवर ती रुळांसारख्या दोन समांतर पांढऱ्या रेघांत दिसते. सर्जननी पेनाच्या टोकानं ती मागून पुढं आणली, आणि माझ्या अक्कलदाढेच्या मुळाशी आल्यावर वरची रेघ तुटली होती. तिथंच मुळाचा रंगही काळपट झाला होता. या दोन खुणा एकत्र दिसल्या की नस मुळाला चिकटलेली असण्याची शक्यता धरतात. खरंच चिकटलीय की नुसती मागं-पुढं येऊन एकावर एक दिसतेय, ते चपट्या फोटोत ठरत नाही. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा तिन्ही बाजूंनी बघता येणारा स्कॅन. 24 तारखेला तो केला, 1,800 रुपये. नळी मुळाच्या खालून, जिभेच्या अंगानं जात होती आणि मधलं हाड एका ठिकाणी उरलंच नव्हतं. गाठीचं खरं मापही त्यात मिळालं, सर्वांत रुंद जागी 7 मिलिमीटर.

सर्जन म्हणाले, गाठ आणि दाढ एकत्रच काढू. गाठ फार मोठी असती तर आधी तिला भोक पाडून काही महिने आकसू दिली असती, इथं त्याची गरज नाही. ओठाची एक बाजू बधिर होऊ शकते, बहुतेकांची संवेदना परत येते, क्वचित बधिरपणा कायम राहतो. संमतीपत्रावर हे मराठीत लिहिलेलं होतं आणि त्यांनी ते मोठ्यानं वाचून घेतलं. उजव्या दाढेचं काय, मी विचारलं. "तिला हात लावायचा नाही. हाडात खोल आहे, भोवती गाठ नाही, दुखत नाही, आणि तुमचं वय विशीचं नाही. काढताना नसेला होणारा धोका फायद्यापेक्षा जास्त. ओपीजी काढून लक्ष ठेवू." हाडातली प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असा माझा समज होता, तो तिथं गेला.

साखर आणि रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. ऑपरेशन 27 मार्चला, गुरुवारी, नुसती जागा बधिर करून. सव्वा तास लागला. दुखलं नाही, पण ड्रिलचा आवाज डोक्याच्या आत घुमतो आणि जबड्यावर जोर पडतो, ते आधी माहीत असलेलं बरं. दाढ अख्खी न ओढता तिचे तीन तुकडे करून काढली, म्हणजे नसेवर ताण कमी येतो. गाठीची पिशवी सोलून काढली आणि औषधाच्या पाण्यात बाटलीत घातली. बाटलीवर माझं नाव बरोबर लिहिलंय का, ते मला वाचायला लावलं. ऑपरेशनचे 12,000 आणि तुकड्याच्या तपासणीचे 1,000.

तीन दिवसांनी गुढीपाडवा होता. गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला, तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. सासूबाईंनी पुरण दुधात कालवून पातळ करून दिलं. दहा-बारा दिवस पेज, मऊ भात, ताक, गार केलेली आंबील. पहिल्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हलक्या हातानं. गाठीच्या जागी हाडात पोकळी असते, म्हणून सहा आठवडे कडक काही फोडायचं नाही, जबडा तिथं कमजोर असतो.

भूल उतरल्यावर बाकी सगळं जागेवर आलं, पण डावा खालचा ओठ आणि हनुवटीचा रुपयाएवढा भाग बधिरच राहिला. चहा पिताना ओघळ आलेला कळायचा नाही. 3 एप्रिलला टाके काढताना सर्जननी कापसाच्या टोकानं स्पर्श करत बधिर भागाची हद्द पेनानं हनुवटीवर आखली आणि फोटो काढून ठेवला. नंतर दर पंधरा दिवसांनी तसाच. हद्द लहान होत गेली, मध्ये महिनाभर मुंग्या आल्यासारखं व्हायचं, आणि जूनच्या मध्याला संपूर्ण हनुवटी माझी झाली. ती आखलेली रेघ नसती तर फरक पडतोय हे मला कळलं नसतं, मी रोज आरशासमोर रडत बसले असते.

तुकड्याचा रिपोर्ट 7 एप्रिलला आला. तो मी उघडला नाही, सरळ सर्जनच्या हातात दिला. 'डेंटिजेरस सिस्ट', म्हणजे हाडातल्या दाताच्या पिशवीची साधी गाठ. पुन्हा पुन्हा येणारी ती गाठ नव्हे. मालकांनी तिथंच डोळे पुसले.

4 ऑक्टोबरला परत ओपीजी काढला, त्याच सेंटरमध्ये, बुगडी घरी ठेवून. या वेळी 'एल' मीच शोधला. काळ्या जागेत आता जाळीसारखं हाड भरायला लागलंय, मध्ये थोडी काळी छटा अजून आहे. शेवटच्या दाढेमागची घळ मात्र तशीच, सळईनं तिथं अजून 5 भरतात. तिथं रोज रात्री छोटा, दातांच्या फटीत जाणारा ब्रश फिरवते. उजवी अक्कलदाढ होती तिथंच आडवी आहे, भोवतीची रेघ केसाएवढीच. पुढचा ओपीजी वर्षानं.

सासूबाईंना पुढच्या आठवड्यात मॅडमकडं नेणार आहे. त्यांचे खालचे पुढचे दोन दात हलतात, आणि रक्त कधीच आलं नाही असं त्या सांगतात.